आठ कोन, दोन मापे

एकेरी रेघांची वही उघडा. मध्ये पाच-सहा ओळी सोडून दोन रेघा पट्टीने गडद करून घ्या. आता त्या दोन्हींना कापत जाणारी एक तिरपी रेघ ओढा, तिचे वरचे टोक उजवीकडे कललेले असू द्या. वहीच्या छापील रेघा समांतर असतातच, त्यामुळे आकृती तयारच झाली: दोन समांतर रेषा आणि त्यांची छेदिका. छेदिका दोन ठिकाणी छेदते, प्रत्येक ठिकाणी चार कोन होतात, म्हणजे एकूण आठ. कंपासपेटीतला कोनमापक काढून आठही मोजा. मी काढलेल्या आकृतीत ६५, ११५, ६५, ११५ असे आकडे येतात आणि खालच्या बाजूलाही पुन्हा तेच. तुमचा तिरपेपणा वेगळा असेल तर तुमचे आकडे वेगळे येतील, पण ते दोनच असतील आणि त्यांची बेरीज १८० असेल.

या धड्यातले सगळे यात आले. आठ अज्ञात कोन शोधायचे आहेत असे वाटते, पण खरा प्रश्न दरवेळी एकच असतो: विचारलेला कोन दिलेल्या कोनाएवढा आहे, की १८० मधून तो वजा करून उरणाऱ्या दुसऱ्या मापाचा? शाळेत हा भाग शिकवताना सुरुवात नावांपासून होते. संगत कोन, आंतरव्युत्क्रम कोन, बाह्यव्युत्क्रम कोन, आंतरकोन अशी यादी फळ्यावर उतरते, आणि मुले नावे पाठ करता करता आकृतीकडे बघायचे विसरतात. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी कोन कुठून कुठे जातो ते पाहावे. नाव मागाहून दिले तरी चालते.

बोलायला सोपे जावे म्हणून कोनांना क्रमांक देऊ. वरच्या छेदनबिंदूपाशी डावीकडचा वरचा कोन १, उजवीकडचा वरचा २, उजवीकडचा खालचा ३ आणि डावीकडचा खालचा ४. घड्याळाचे काटे फिरतात तसे आपण फिरलो. खालच्या छेदनबिंदूपाशी याच क्रमाने ५, ६, ७, ८. हे क्रमांक वहीतल्या आकृतीवर लिहूनच पुढे वाचा, नाहीतर पुढचा मजकूर नुसता आकड्यांचा खेळ वाटेल.

पहिले पाऊल एकाच छेदनबिंदूवर टाकायचे. तिथे समांतर वगैरे काही लागत नाही, दोन रेषा एकमेकींना छेदतात एवढे पुरते. कोन १ आणि कोन २ शेजारी आहेत आणि दोघे मिळून वरच्या रेषेवर सरळ कोन भरतात. म्हणून त्यांची बेरीज १८०°. ही रेषीय जोडी. आता छेदिकेच्या उजव्या अंगाने पाहा: कोन २ आणि कोन ३ मिळून छेदिकेवरचा सरळ कोन भरतात, त्यांचीही बेरीज १८०°. कोन २ दोन्ही बेरजांत आहे. १८० मधून तीच वस्तू दोनदा वजा केली तर बाकीही तीच उरणार, म्हणून कोन १ आणि कोन ३ समान. समोरासमोरचे, म्हणजे विरुद्ध कोन समान असतात ते एवढ्यासाठी. कोनमापक हातात न घेता आपण हे मिळवले, आणि ते बरेच झाले. शाळकरी कोनमापकाने मोजताना एखादा अंश सहज इकडे तिकडे होतो. कुणाला ६४ दिसेल, कुणाला ६६. मोजण्याने अंदाज येतो, खात्री येते ती या वजाबाकीने.

आता दुसरे पाऊल, आणि समांतर हा शब्द पहिल्यांदा इथे कामाला येतो. पातळ पारदर्शक कागद घेऊन वरच्या छेदनबिंदूवर ठेवा आणि तिथली फुली गिरवून घ्या. मग कागद न फिरवता छेदिकेवरून सरळ खाली सरकवा. गिरवलेली छेदिका मूळ छेदिकेवरच राहील. फुलीचा मध्य खालच्या छेदनबिंदूवर आला की गिरवलेली आडवी रेघ खालच्या रेषेवर तंतोतंत बसते. कोन १ जाऊन ५ वर बसतो, २ जाऊन ६ वर, ३ जाऊन ७ वर, ४ जाऊन ८ वर. जागा सारख्या, म्हणून मापे सारखी. हेच संगत कोन. खालची रेषा जराशी जरी कललेली असती तरी मध्य बसला असता, पण रेघ बसली नसती. गुण्या पट्टीला टेकवून सरकवत समांतर रेषा काढतात, त्यात हीच गोष्ट उलट्या दिशेने होते: तिथे कोन तोच ठेवून समांतर रेषा मिळवतात, इथे समांतर रेषांवरून कोन मिळतो.

ही दोन पावले हाताशी असली की आठातल्या कुठल्याही कोनावरून कुठल्याही कोनावर जाता येते. समजा कोन २ चे माप ६५° दिले आहे आणि कोन ५ विचारला आहे. दोघे ना शेजारी, ना समोरासमोर, ना सारख्या जागी. थेट वाट दिसत नसेल तर मधला थांबा शोधायचा. कोन २ वरून शेजारच्या कोन १ वर या: १८० वजा ६५, म्हणजे ११५°, कारण रेषीय जोडी. कोन १ वरून कोन ५ वर उतरा: ११५°, कारण संगत कोन. झाले. दुसऱ्या वाटेनेही जाऊन बघा. आधी खाली उतरा, कोन ६ हा कोन २ चा संगत कोन म्हणून ६५°, आणि मग त्याच्या शेजारचा कोन ५, म्हणून ११५°. दोन वाटांनी एकच आकडा आला. सराव करताना ही दुसरी वाट चालून बघण्याची सवय फार उपयोगी पडते, कारण वजाबाकीतली चूक तिथेच सापडते. परीक्षेत मात्र एकच वाट लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहा. आकडा बरोबर पण कारण नाही, अशा उत्तराचे गुण जातात, आणि ते योग्यच आहे. भूमितीत कारण हाच उत्तराचा मोठा भाग असतो.

आता उरलेली नावे घेऊ. दोन समांतर रेषांच्या मधल्या पट्ट्यात चार कोन आहेत: ३, ४, ५ आणि ६. त्यातले छेदिकेच्या दोन बाजूंचे, वेगवेगळ्या छेदनबिंदूंवरचे दोन, म्हणजे ४ आणि ६, किंवा ३ आणि ५, हे आंतरव्युत्क्रम. ४ हा २ एवढा, कारण विरुद्ध. ६ हा २ एवढा, कारण संगत. म्हणून ४ आणि ६ समान. छेदिकेच्या एकाच बाजूचे दोन, म्हणजे ३ आणि ६, किंवा ४ आणि ५, हे आंतरकोन. ३ आणि २ ची बेरीज १८०, आणि ६ हा २ एवढाच, म्हणून ३ आणि ६ यांची बेरीजही १८०. पट्ट्याच्या बाहेरच्या कोनांचे तसेच. नवीन नियम कुठलाच आला नाही, वरचीच दोन पावले जोडून घेतली. आपण क्रमांक ज्या पद्धतीने दिले त्यात सगळे सम क्रमांक एका मापाचे आणि सगळे विषम क्रमांक दुसऱ्या मापाचे येतात. पण पुस्तकातल्या आकृतीत क्रमांक वेगळे दिलेले असतील, तेव्हा ही खूण तिथे लावू नका.

खरी अडचण येते ती कोनांऐवजी राशी दिल्या की. उदाहरण घेऊ. कोन ३ चे माप (४क्ष − १५)° आणि कोन ६ चे माप (२क्ष + २७)° आहे, दोन्ही कोन काढा. बहुतेक जण इथे घाईने दोन्ही राशी समान धरतात, कारण या धड्यात समान हा शब्दच सारखा कानावर पडलेला असतो. तसे धरले तर २क्ष = ४२, म्हणून क्ष = २१, आणि दोन्ही कोन ६९° येतात. ताळा करायला गेलो तर ६९ बरोबर ६९, सगळे जुळते. म्हणून मूल निर्धास्त होते आणि पुढच्या उदाहरणाकडे वळते.

पण ३ आणि ६ हे छेदिकेच्या एकाच बाजूचे, पट्ट्याच्या आतले कोन आहेत. त्यांची बेरीज १८० व्हायला हवी. म्हणजे समीकरण असे मांडायला हवे:

(४क्ष − १५) + (२क्ष + २७) = १८०
६क्ष + १२ = १८०
६क्ष = १६८
क्ष = २८

कोन ३ = ४ × २८ − १५ = ९७°, आणि कोन ६ = २ × २८ + २७ = ८३°. बेरीज १८०. आता ही आकृती मापाप्रमाणे काढून बघा. छेदिका जवळजवळ उभी येते, ३ आणि ६ दोन्ही कोन काटकोनाच्या आसपासचे, आणि नुसत्या नजरेला सारखेच वाटतात. चूक होते ती नेमकी अशा आकृतीत. तिरप्या छेदिकेत लघुकोन आणि विशालकोन डोळ्यांना वेगळे दिसतात, उभट छेदिकेत दिसत नाहीत. म्हणून समीकरण मांडण्यापूर्वी एक काम करावे: त्याच आकृतीच्या बाजूला चांगलीच कललेली छेदिका असलेली दुसरी आकृती काढावी, त्याच जागांवर तीच नावे लिहावीत, आणि विचारलेले दोन कोन तिथे सारखे दिसतात की एक लहान एक मोठा, ते पाहावे. सारखे दिसले तर बरोबरची खूण, नाहीतर बेरीज १८०.

चुकीच्या उत्तरातले ६९ आणि ६९ मात्र टाकून देऊ नयेत, त्यांच्याकडून काहीतरी शिकता येते. एकाच बाजूचे दोन आंतरकोन ६९-६९ अंशांचे असतील अशा रेषा खरोखर काढा. त्या उजवीकडे एकमेकींकडे झुकतात, आणि पुरेशा लांब वाढवल्या की भेटतात. भेटतात तिथे ४२° चा कोन होतो, कारण त्रिकोणातले दोन कोन मिळून १३८ झाले. म्हणजे ते उत्तर समांतर रेषांच्या आकृतीचे नव्हतेच, एका त्रिकोणाचे होते. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘एलेमेंट्स’च्या सुरुवातीला पाच गृहीतके आहेत, त्यातले पाचवे हेच सांगते: एका छेदिकेच्या एका बाजूचे आंतरकोन मिळून दोन काटकोनांपेक्षा कमी असतील, तर त्या दोन रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतील. विरुद्ध कोनांचा नियम त्याने या गृहीतकाच्या मदतीशिवाय सिद्ध केला. समांतर रेषांच्या व्युत्क्रम आणि संगत कोनांपाशी, पहिल्या खंडाच्या २९ व्या प्रमेयात, ते त्याला पहिल्यांदा वापरावे लागले. पारदर्शक कागद सरकवताना रेघ रेघेवर बसली ना, ती का बसते हे युक्लिडला सिद्ध करून दाखवता आले नाही, ते मानूनच चालावे लागले.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. आकृतीत रेषा समांतर दिसतात म्हणून त्या समांतर धरायच्या नाहीत. उदाहरणात तसे लिहिलेले हवे, किंवा रेषांवर सारख्या बाणांची खूण हवी, किंवा दिलेल्या कोनांवरून ते सिद्ध करता यायला हवे. ८९° आणि ९० अंशांतला फरक छापलेल्या आकृतीत कुणालाच दिसत नाही.

आता थोडे अवघड. वहीतल्या त्याच दोन गडद रेघा घ्या. वरच्या रेषेवर अ हा बिंदू घ्या आणि तिथून उजवीकडे खाली जाणारी रेघ दोन रेषांच्या मधल्या क या बिंदूपर्यंत आणा. क पासून मागे वळून डावीकडे खाली या आणि खालच्या रेषेला ब बिंदूत मिळा. मोडलेल्या कोपरासारखा आकार झाला. अ पाशी वरच्या रेषेच्या उजव्या भागाशी झालेला कोन ३८°, ब पाशी खालच्या रेषेच्या उजव्या भागाशी झालेला कोन ४७°. तर क पाशी वळणाच्या आतला कोन किती?

इथे मुले अडतात, कारण छेदिकाच नाही. अ पासून निघालेली रेघ दुसऱ्या रेषेपर्यंत पोचत नाही, ब पासून निघालेली पहिलीपर्यंत पोचत नाही. नियम सगळे पाठ आहेत, पण लावायचे कुठे? उत्तर वहीतच छापलेले आहे. क बिंदूतून एखादी छापील रेघ जात असेल तर तीच गडद करा, नसेल तर समांतर रेघ स्वतः काढा. आता क पाशीचा कोन दोन तुकड्यांत विभागला. वरचा तुकडा बघा: वरची रेषा आणि ही नवी रेषा समांतर, अक ही त्यांची छेदिका. अ पाशीचा ३८ अंशांचा कोन आणि क पाशीचा वरचा तुकडा आंतरव्युत्क्रम, म्हणून तुकडा ३८°. खालचा तुकडा तसाच, नवी रेषा आणि खालची रेषा समांतर, कब ही छेदिका, म्हणून ४७°. दोन्ही मिळून ८५°.

पडताळा दुसऱ्या वाटेने घेऊ. नवी रेषा पुसा आणि अक हीच रेघ पुढे वाढवून खालच्या रेषेला ड मध्ये मिळवा. आता अड ही पुरी छेदिका झाली, म्हणून ड पाशी डावीकडे झालेला कोन ३८°, पुन्हा आंतरव्युत्क्रम. कबड या त्रिकोणात ब पाशी ४७° आणि ड पाशी ३८°. आपल्याला हवा असलेला क पाशीचा कोन या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे, आणि बाह्यकोन समोरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेएवढा असतो: ८५°. पहिल्या वाटेत आपण एक समांतर रेषा वाढवली, दुसरीत छेदिका वाढवली. अशा बहुतेक उदाहरणांत या दोनपैकी एक युक्ती लागू पडते. वळणे दोन असली तर प्रत्येक वळणातून एकेक समांतर रेषा काढायची, एवढाच फरक.

‘दोन कोनांची बेरीज’ असे सूत्र मात्र पाठ करू नका. त्याच आकृतीत अ आणि ब पाशी उजव्या भागांऐवजी डाव्या भागांशी झालेले कोन, म्हणजे १४२° आणि १३३°, दिले असते तर सूत्र २७५° सांगेल. तो क पाशीचाच, पण वळणाच्या बाहेरचा कोन आहे. आतला विचारला असेल तर ३६० मधून २७५ वजा करावे लागतात, आणि पुन्हा ८५ च येतात. कुठला कोन कुठल्या अंगाला आहे हे न बघता सूत्र वापरले की असे होते.

आंतरव्युत्क्रम कोनांचा सर्वांत मोठा हिशेब इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने केला. दक्षिणायनाच्या आरंभी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारी इजिप्तमधल्या सायनी गावी, आजच्या आस्वानला, सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि सावली जवळजवळ पडतच नाही. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली पडते, आणि सूर्यकिरण काठीशी पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२ अंशांचा कोन करतो. आता मनात आकृती काढा. सायनीचा किरण जमिनीत तसाच खाली वाढवला तर पृथ्वीच्या केंद्राकडे जातो. अलेक्झांड्रियाची काठी खाली वाढवली तर तीही केंद्राकडेच जाते. दोन किरण समांतर, वाढवलेली काठी त्यांची छेदिका. म्हणून काठीच्या टोकापाशी असलेला ७.२ अंशांचा कोन आणि पृथ्वीच्या केंद्रापाशी असलेला कोन आंतरव्युत्क्रम, म्हणजे समान. जिथे कुणी कधी जाऊ शकणार नाही त्या केंद्रातला कोन त्याने काठीच्या टोकाशी मोजला. दोन शहरांतले अंतर ५,००० स्टेडिया धरले होते, ते परिघाचा पन्नासावा भाग झाले, म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया.

हा सगळा डोलारा किरण समांतर आहेत यावर उभा आहे. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्याच्या एकाच बिंदूपासून या दोन शहरांना येणाऱ्या किरणांमधला कोन अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतो, आणि काठीच्या सावलीत तो दिसणे शक्य नाही. पण तेच समांतरपण काढून घ्या, पृथ्वी सपाट माना आणि सूर्य सायनीच्या डोक्यावर जवळच लटकलेला माना. सावली तीच, ७.२ अंश तेच, ५,००० स्टेडिया तेच. मग आकृती काटकोन त्रिकोणाची होते, आणि त्याच आकड्यांवरून निघणारे उत्तर पृथ्वीच्या परिघाचे नसते: सूर्य जमिनीपासून सुमारे ४०,००० स्टेडिया उंचीवर आहे, असे ते येते.